पाऊस चालत होता का? सदतिसाव्या प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत विश्रामबाग भागात स्पर्धा परीक्षांचा एक लहानसा क्लास आहे. तिथे मी इंग्रजी व्याकरण शिकवते. त्या बॅचला अठ्ठेचाळीस मुलं-मुली होत्या. बहुतेक जण तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचे, दहावी-बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. इंग्रजी वाचून समजतं, लिहायची वेळ आली की घाम फुटतो, अशी अवस्था.

दर रविवारी शंभर प्रश्नांची सराव परीक्षा असते. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा. प्रश्नसंच आम्ही तयार विकत घेतो आणि त्यासोबत उत्तरतालिकाही येते. ही प्रकरणाची पहिली कमकुवत जागा. तेव्हा मात्र ती कुणाला तशी वाटत नव्हती, मला तर नव्हतीच.

जुलैचा रविवार होता. जिन्याखालच्या बादलीत छत्र्या ठिबकत होत्या आणि सांगलवाडीकडून येणारी मुलं आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर गेलं याची चर्चा करत होती. सदतिसाव्या प्रश्नात एक वाक्य सुधारायला दिलं होतं:

वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड.

त्याखाली चार पर्याय:

१. व्हाइल वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड.
२. वॉकिंग डाउन द रोड, इट स्टार्टेड टू रेन.
३. ॲज आय वॉज वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड.
४. सुधारणेची गरज नाही.

सोबत आलेली उत्तरतालिका म्हणत होती: दोन.

काय घडलं

सोमवारी गुणांची यादी फळ्यावर लागली आणि मी पेपर सोडवून द्यायला घेतला. सदतिसाव्या प्रश्नाशी आले, तालिकेत पाहिलं, "दोन" म्हणाले आणि पुढे निघाले. तासगावहून येणारी एक मुलगी उभी राहिली. ती एरवी फारशी बोलत नाही.

"मॅडम, मी तीन लिहिलं होतं. ते का चुकलं?"

मी म्हणाले, "इंग्रजीत पावसाबद्दल बोलताना 'इट स्टार्टेड टू रेन' असंच म्हणायची पद्धत आहे. 'द रेन स्टार्टेड' तितकंसं बरं नाही."

हे उत्तर मी जागच्या जागी रचलं होतं. 'द रेन स्टार्टेड' हे सरळ, चांगलं इंग्रजी आहे. तालिका चुकली असेल ही शक्यता मनात येण्याआधीच मी तिची वकिली करून बसले. मुलगी "बरं" म्हणून खाली बसली. तिला ते पटलं नव्हतं, हे तिच्या वहीवर टेकलेल्या पेनावरून दिसत होतं.

घरी आल्यावर चारही पर्याय पुन्हा कागदावर उतरवले. अशा वाक्याची तपासणी तशी सोपी आहे. सुरुवातीच्या 'वॉकिंग डाउन द रोड' या तुकड्याला स्वतःचा कर्ता नाही. इंग्रजीचा साधा करार असा की, स्वल्पविरामानंतर मुख्य वाक्याचा जो कर्ता येतो, तोच या तुकड्याचाही कर्ता धरायचा. म्हणून तो कर्ता उचलून तुकड्यापुढे ठेवायचा आणि वाक्य पूर्ण करून वाचायचं.

मूळ वाक्य: द रेन वॉज वॉकिंग डाउन द रोड. पाऊस रस्त्यानं चालत होता. चूक.

पर्याय एक: 'व्हाइल' जोडलं, पण मागे कर्ता अजूनही 'द रेन'च. व्हाइल द रेन वॉज वॉकिंग. चूक तशीच, फक्त तिच्या डोक्यावर टोपी आली.

पर्याय दोन: इट वॉज वॉकिंग डाउन द रोड. इथला 'इट' म्हणजे हवामानाचा 'इट', जो फक्त पडू शकतो, थांबू शकतो, वाढू शकतो. चालू शकत नाही. म्हणजे तालिकेचं उत्तर मूळ वाक्याइतकंच चूक.

पर्याय तीन: 'ॲज आय वॉज वॉकिंग' यात तुकड्याला स्वतःचा कर्ता मिळाला, 'आय'. तो आता मुख्य वाक्याच्या कर्त्यावर अवलंबून नाही. चालतोय मी, सुरू झाला पाऊस. बरोबर.

उत्तर तीनच होतं. तासगावच्या मुलीला, आणि तिच्यासारख्या आणखी आठ जणांना, बरोबर उत्तराबद्दल पाव गुण दंड झाला होता.

सगळी उत्तरं मोजली. पर्याय एक निवडणारे एकोणीस, दोन निवडणारे आठ, तीन निवडणारे नऊ, चार निवडणारे बारा. माझी नजर अडकली ती एक आणि चारच्या बेरजेवर. एकतीस जणांना एक तर वाक्यात चूकच दिसली नव्हती, किंवा 'व्हाइल' लावलं की ती जाते असं वाटलं होतं. तालिकेची चूक एका ओळीत दुरुस्त झाली असती. या एकतीस जणांचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता.

तालिकेबाबत कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, यादी फळ्यावर लागली. आता बदलायची म्हणजे पालकांचे फोन."

तीन मार्ग होते. पहिला, तालिका तशीच ठेवायची. याच्या बाजूनं त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. खऱ्या परीक्षेतही शेवटी आयोगाची तालिका चालते, तिथे आपलं मत विचारत कोण? पण लोकसेवा आयोगसुद्धा आधी प्रथम उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका लावतो. हरकत कशी घ्यायची, हे क्लासमध्ये शिकायचं नाही तर कुठे?

दुसरा, प्रश्न रद्द करून सगळ्यांना एकेक गुण द्यायचा. यात भांडण नाही. पण ज्या नऊ जणांनी खरंच विचार करून उत्तर दिलं, त्यांना वाक्यात चूक न दिसलेल्यांच्याच रांगेत उभं करायचं, आणि प्रश्नच सदोष होता असा खोटा समज पसरवायचा. प्रश्न चांगला होता, तालिका सदोष होती.

तिसरा, तालिका बदलायची आणि का बदलली ते सांगायचं. तीन निवडणाऱ्या नऊ जणांचे सव्वा-सव्वा गुण वाढणार, दोन निवडणाऱ्या आठ जणांचे तेवढेच कमी होणार, बाकीचे आहेत तिथेच.

आम्ही तिसरा घेतला. संचालकांनी एकच अट घातली: "कारण लेखी लावा, तोंडी नको." ही अट पुढे माझ्याच उपयोगी पडली. अर्ध्या पानात कारण लिहायला बसले तेव्हा कळलं की, 'इट' हा खरा कर्ताच नाही, मग त्याला चालायला लागलं तर बिघडलं कुठे, या हरकतीला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन निवडणारा एक मुलगा नेमका हाच मुद्दा घेऊन आला होता.

उत्तर सापडलं ते दुसऱ्या एका वाक्यात. 'आफ्टर ड्रिझलिंग ऑल नाइट, इट स्टार्टेड टू पोअर.' रात्रभर भुरभुर पडून मग धो धो सुरू झाला. हे वाक्य बरोबर आहे, कारण भुरभुरणाराही तोच 'इट' आणि कोसळणाराही तोच. हवामानाचा 'इट' हवामानाच्या क्रियापदांचा मालक होऊ शकतो, पायांनी चालण्याचा होऊ शकत नाही. मुलानं कागद दोनदा वाचला आणि सव्वा गुण मुकाट्यानं सोडले.

शिकवण्याबाबत पहिला निर्णय, आणि तो कसा फसला

आता ते एकतीस. मी सगळ्यात सोपा मार्ग धरला, हसवायचा. फळ्यावर ढग काढला, त्याला दोन पाय काढले, पायात चप्पल काढली. खाली लिहिलं, "पाऊस विश्रामबागेतून चालला होता." वर्ग खो खो हसला. मी सांगितलं की इंग्रजीत अशा तुकड्याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात, म्हणजे ज्याला टेकायला वाक्यात कुणी नाही असा लोंबकळणारा तुकडा. कर्ता पुढे ठेवून वाचा, हसू आलं तर वाक्य चूक.

तास छान झाला असं मला वाटलं. पुढच्या रविवारी मी माझा एक प्रश्न घुसवला:

क्रॉसिंग द रोड, अ ट्रक हिट द बॉय. या वाक्यानुसार रस्ता कोण ओलांडत होतं?

पर्याय होते मुलगा, ट्रक, दोघंही, सांगता येत नाही. वाक्याच्या रचनेनुसार उत्तर 'ट्रक'. अठ्ठेचाळीसपैकी अकरा जणांनी ते लिहिलं. बाकी जवळपास सगळे 'मुलगा' म्हणाले.

का, ते एका मुलानं सरळ सांगितलं. "मॅडम, पाऊस चालत न्हाई, ते कळलं. पण ट्रक रस्ता ओलांडतोच की. हसू कुठं येतंय?"

अगदी खरं होतं. मी दिलेली कसोटी हास्यास्पद वाक्यांपुरतीच चालत होती. पावसाच्या वाक्यात वाचणारा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो, कारण पाऊस चालणं अशक्य आहे. त्या वाक्यानं कुणाचं नुकसान होत नाही. दगा देतात ती वाक्यं, ज्यांत दोन्ही अर्थ शक्य असतात. तिथे हसू येत नाही, चूक दिसत नाही आणि वाचणारा बिनदिक्कत उलटा अर्थ घेऊन पुढे जातो. मी मुलांना नेमकी निरुपद्रवी चूक ओळखायला शिकवलं होतं.

चहावर सापडलेलं कारण

मधल्या सुट्टीत मराठी व्याकरण शिकवणाऱ्या सरांसमोर हे रडगाणं गायलं. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि बोलण्याआधी बिस्किट चहात बुडवून संपवतात. त्यांनी विचारलं, "मॅडम, मुलं 'वॉकिंग'चं मराठी काय करतात?"

"चालताना."

"मग त्यांचं काय चुकलं? 'रस्त्यानं चालताना पाऊस सुरू झाला.' हे मराठी शुद्ध आहे."

आणि ते आहेच. 'ताना'चा कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याहून वेगळा असला तरी मराठीला चालतं. 'स्वयंपाक करताना लाइट गेली', 'पेपर लिहिताना पेन बंद पडलं', ही वाक्यं आपण दिवसातून दहा वेळा बोलतो आणि लाइटनं स्वयंपाक केला असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. कोण करत होतं ते संदर्भावरून समजतं. एकतीस मुलं बेसावध नव्हती. ती मराठीच्या कानानं इंग्रजी ऐकत होती आणि त्या कानाला वाक्य बिनचूक होतं. 'व्हाइल' लावून समाधान होण्याचं कारणही तेच, कारण 'व्हाइल' म्हणजे त्यांच्या लेखी 'ताना' अधिक स्पष्ट केला, एवढंच.

सर पुढे म्हणाले, "पण मराठीत सगळीच धातुसाधितं अशी मोकळी नाहीत. 'गाणं म्हणत पाऊस सुरू झाला' म्हणून बघा."

मी म्हणून पाहिलं. गाणं पाऊस म्हणत होता.

"आता 'गाणं म्हणताना पाऊस सुरू झाला.'"

गाणं आम्ही म्हणत होतो.

एका अक्षराचा फरक. 'म्हणत' हा नुसता 'त'वाला तुकडा मुख्य वाक्याच्या कर्त्याला घट्ट धरतो. 'तो शीळ घालत आला' यात शीळ घालणारा तोच. 'म्हणताना'ला ती सक्ती नाही. आणि इंग्रजीतला वाक्याच्या सुरुवातीचा 'आयएनजी' वागणुकीनं आपल्या 'त'सारखा आहे, 'ताना'सारखा नाही. आम्ही मात्र शाळेपासून त्याचं भाषांतर 'ताना' असं शिकवत आलो होतो. अर्थापुरतं ते बरोबर, पण कर्ता शोधायला गेलात की फसवणारं.

मी घाईनं ट्रकचं वाक्य लावून पाहिलं.

रस्ता ओलांडताना ट्रकनं मुलाला धडक दिली. ओलांडणारा मुलगा वाटतो.

रस्ता ओलांडत ट्रकनं मुलाला धडक दिली. ओलांडणारा ट्रक, शंकाच नाही.

हसू न येणाऱ्या वाक्यातही कानाला फरक कळला. मला हवी होती ती कसोटी हीच.

मग काय केलं

तिसऱ्या तासाला ढग काढला नाही. फळ्याचे दोन भाग केले, डावीकडे 'ताना', उजवीकडे 'त'. आठ इंग्रजी वाक्यं दिली आणि प्रत्येकाचं मराठी दोन्ही प्रकारे मोठ्यानं वाचून घेतलं. नियम एवढाच सांगितला: अर्थ कळायला 'ताना' करा, चूक शोधायला 'त' करा. 'त' करून जो कर्ता कानावर येतो, इंग्रजी वाचणाऱ्याला तोच दिसतो.

पहिल्यांदा मुलं अडखळली ती 'हॅविंग'वाल्या वाक्यांवर. 'हॅविंग फिनिश्ड द पेपर, द बेल रँग.' इथे 'संपवत' बसत नाही, कारण काम आधी झालेलं आहे. त्यासाठी 'ऊन' घेतला. 'पेपर संपवून घंटा वाजली.' घंटेनं पेपर संपवला, हे सगळ्यांना ऐकू आलं. पण 'ऊन'वर सगळा भार टाकू नका, असं सरांनी आधीच बजावलं होतं. एक कारण म्हणजे 'पाऊस पडून रस्ता खचला' हे मराठीत ठीक आहे, पडणारा वेगळा आणि खचणारा वेगळा. दुसरं, 'पत्र वाचून मला आनंद झाला.' व्याकरणानं कर्ता 'आनंद', पण पत्र वाचलं मी, आणि मराठीला त्यात काही वावगं वाटत नाही. हेच मुलं इंग्रजीत नेतात आणि लिहितात, 'रीडिंग द लेटर, ग्रेट जॉय केम टू मी.' आनंदानं पत्र वाचलं. आपल्याकडे भूक, झोप, राग, आनंद हे सगळे 'मला' लागतात, येतात, होतात. इंग्रजीत त्या माणसालाच कर्ता करावं लागतं: 'रीडिंग द लेटर, आय फेल्ट व्हेरी हॅपी.' ही चूक पावसाच्या चुकीपेक्षा आमच्या मुलांच्या वह्यांत जास्त सापडते, आणि तिच्यावर मी तोवर एकही तास घेतला नव्हता.

दुरुस्ती शिकवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. ट्रकच्या वाक्यात मुलगा हजर आहे, त्यामुळे शब्द हलवून काम भागतं. 'क्रॉसिंग द रोड, द बॉय वॉज हिट बाय अ ट्रक' म्हणा किंवा 'अ ट्रक हिट द बॉय ॲज ही वॉज क्रॉसिंग द रोड' म्हणा. पावसाच्या वाक्यात चालणारा माणूसच नाही. शब्द कितीही हलवा, तो येणार कुठून? बाहेरून आणावा लागतो: आय, वी, माय सिस्टर. शब्दांची जागा बदलून पाहणारी मुलं या वाक्यावर दहा-दहा मिनिटं का अडकत होती, ते तेव्हा उमगलं.

निष्पत्ती

दोन आठवड्यांनी पुन्हा तसाच प्रश्न दिला, दोन्ही अर्थ शक्य असलेला. त्या दिवशी पंचेचाळीस जण हजर होते आणि सदतीस जणांनी कर्ता बरोबर ओळखला. अकरावरून सदतीस म्हटल्यावर मी खूश होते. मग निबंधांच्या वह्या आल्या.

एकीनं 'कन्सिडरिंग द हेवी रेन, द मॅच वॉज पोस्टपोन्ड' हे स्वतःचंच वाक्य खोडलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "मॅचनं विचार केला?" कसोटी प्रामाणिकपणे लावली होती, पण वाक्य बरोबर होतं. कन्सिडरिंग, रिगार्डिंग, जजिंग बाय असे काही शब्द वापरून वापरून शब्दयोगी अव्ययांसारखे झाले आहेत, त्यांना कर्ता कुणी विचारत नाही. हे समजवायला मात्र मला मराठी सोडावं लागलं नाही. 'पाऊस लक्षात घेता सामना पुढे ढकलला', 'एकूण परिस्थिती पाहता सुट्टी देणं बरं.' लक्षात कुणी घेतलं, परिस्थिती कुणी पाहिली, आपण विचारतो का? ज्या इंग्रजी शब्दाचं मराठी 'घेता', 'पाहता', 'विचार करता' असं सहज होतं, तो सोडून द्या, एवढी पुरवणी कसोटीला जोडली.

संचालकांना इतिहासाची आवड. त्यांनी मध्येच विचारलं, की मोठमोठे इंग्रज लेखकही अशी वाक्यं लिहीत असतीलच ना? लिहितात. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधलं भूत म्हणतं, 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.' रचनेप्रमाणे झोपला होता साप. तरी कुणी अडखळत नाही, कारण शेवटी 'मी' येतो आणि झोपलेला कोण ते सांगतो. मराठीत 'मी माझ्या बागेत झोपलेला असताना मला साप चावला' इतकं ते स्वाभाविक वाटतं. म्हणून मी वर्गात ही चूक म्हणजे पाप आहे अशा सुरात बोलत नाही. परीक्षेत ती चूक धरली जाते आणि कागदोपत्री ती महागात पडू शकते, एवढंच सांगते.

काय वेगळं करता आलं असतं

विकतची तालिका वर्गात वाचण्याआधी मी स्वतः प्रश्न सोडवायला हवे होते. शंभर प्रश्नांतले इंग्रजीचे सोडवायला फार तर अर्धा तास लागतो. आता तो अर्धा तास शनिवारी रात्री देते.

त्याहून जास्त खटकतं ते त्या मुलीला दिलेलं उत्तर. "बघून सांगते" एवढे दोन शब्द पुरले असते. मी मात्र तिच्या बरोबर वाक्यातला निर्दोष तुकडा चुकीचा ठरवला आणि वर त्याला 'पद्धत' असं नाव दिलं. तालिका बदलली त्या दिवशी तिला वर्गासमोर सांगितलं की माझं उत्तर चुकलं होतं. तिनं मान हलवली. पण तिच्या शेजारची मैत्रीण पुढे कितीतरी दिवस 'द रेन स्टार्टेड' लिहायचं टाळत होती. गुण सोमवारी दुरुस्त होतात, कानात बसलेलं तेवढं लवकर निघत नाही.

आणि एकतीस जणांना पहिल्याच दिवशी "तुम्ही हे मराठीत कसं म्हणाल?" असं विचारलं असतं, तर मधले दोन आठवडे वाचले असते. मी चुकीचं वाक्य तपासत होते. ते बरोबर का वाटतं, हे तपासलंच नव्हतं.

शेवटची नोंद

बॅचमधला एक मुलगा दुपारी कोर्टाजवळ अर्ज टाइप करून देतो. ऑगस्टमध्ये तो एक कागद घेऊन आला, नावं झाकलेली. अपघाताच्या जबाबाचं इंग्रजी त्यानं केलं होतं: 'व्हाइल टर्निंग टू द राइट, द टेम्पो हिट माय क्लायंट.'

"मॅडम, 'त' लावून बघितलं. वळत टेम्पोनं धडक दिली. म्हणजे टेम्पो वळत होता, असं झालं ना?"

"जबाबात काय आहे?"

त्यानं मराठी कागद पुढे केला. 'उजवीकडे वळताना टेम्पोने धडक दिली.'

मी दोनदा वाचलं. मोटारसायकलवाला वळत होता की टेम्पो, हे या मराठी वाक्यातून कळत नव्हतं, आणि व्याकरणानं कळणारही नव्हतं. 'ताना'ला दोन्ही चालतं. पण इंग्रजीत उतरवताना त्यानं नकळत त्यातला एक अर्थ निवडून टाकला होता.

तो जिन्यात जाऊन वकीलसाहेबांना फोन लावून आला.

"पार्टीला विचारून सांगितलं त्यांनी. गाडी आमचाच माणूस वळवत होता, टेम्पो सरळ येत होता," तो म्हणाला, आणि पेन मागून घेऊन 'व्हाइल'पासूनची ओळ खोडायला लागला.